सोसायटीला तक्रारीचे पत्र: तीच माहिती, नव्या क्रमाने

माझी मावशी तिच्या इमारतीच्या शेवटच्या, सातव्या मजल्यावर राहते. डोक्यावर थेट गच्ची. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिच्या बेडरूमच्या छताचे प्लास्टर पडले आणि दोन दिवसांनी तिने सोसायटीला द्यायचे पत्र लिहून मला वाचायला पाठवले. मी आमच्या सोसायटीत सहा वर्षे सेक्रेटरी होते, अशी पत्रे माझ्या टेबलावर बरीच आली आहेत. मावशीचे पत्र हे होते:

> सेक्रेटरी साहेब, आम्ही अनेक वर्षे या सोसायटीत राहतो व मेंटेनन्स कधीही थकवलेला नाही. आमच्या बेडरूमचे छत गळत असून कित्येक वेळा सांगूनही कमिटीने दुर्लक्ष केले आहे. गेल्या वर्षीही असेच झाले होते, तेव्हा प्लंबर येऊन बघून गेला, पुढे काहीच नाही. परवा रात्री प्लास्टरचा मोठा तुकडा पलंगावर पडला. नशिबाने नातू हॉलमध्ये झोपला होता. काही झाले असते तर जबाबदार कोण? गच्चीवर टाकीजवळच्या फरशा उखडल्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पार्किंगच्या शेडवर खर्च करायला पैसे आहेत, आमच्यासाठी नाहीत. जिन्यातले दिवेही महिनाभर बंद आहेत. जुलैमध्ये पत्र दिले होते, त्याचे उत्तर देण्याचे सौजन्यही दाखवले नाही. चेअरमन साहेब म्हणतात पावसाळा संपल्यावर बघू. तरी योग्य ती कार्यवाही तात्काळ करावी, अन्यथा मेंटेनन्स बंद करावा लागेल व कायदेशीर मार्ग पत्करावा लागेल.

यातले एकही वाक्य खोटे नाही. मी तिला फोनवर विचारले, "मावशी, हा कागद सेक्रेटरीच्या हातात पडला, तर उद्या सकाळी उठून त्याने नेमके काय करायचे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गच्ची दुरुस्त करायची." हे शब्द पत्रात कुठेच नव्हते.

मग आम्ही दोघींनी बसून पत्र पुन्हा मांडले. नवी माहिती फारशी घातली नाही, होती तीच उचलून तीन जागी ठेवली: मागच्या कागदांशी जोडणारी संदर्भाची ओळ, तारखांनुसार घडलेल्या गोष्टी आणि शेवटी नेमकी मागणी. ते कसे केले हे पुढे सांगते. उदाहरण महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहे, त्यामुळे नियमही तिथलेच आहेत.

आधी पत्र कापा

पेन्सिल घेऊन जुन्या पत्रातल्या प्रत्येक वाक्यासमोर एक खूण करायची. 'घ' म्हणजे घडलेली गोष्ट, 'म' म्हणजे मागणी, 'भ' म्हणजे भावना किंवा मत, 'वे' म्हणजे वेगळाच विषय. मावशीच्या पत्रात 'घ' सहा-सात निघाले, 'भ' जवळजवळ तितकेच. 'म' एकच, तेही "योग्य ती कार्यवाही". 'वे' दोन: जिन्यातले दिवे आणि पार्किंगची शेड.

वेगळ्या विषयाला वेगळे पत्र. कमिटीच्या बैठकीत एकेका पत्रावर चर्चा होते आणि माणसे सोप्या गोष्टीकडे आधी वळतात. गळतीच्या पत्रात दिव्यांचा उल्लेख असला, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन बल्ब बसवतात आणि इतिवृत्तात "सदर तक्रारीवर कार्यवाही केली" अशी नोंद होते. हे मी स्वतः होताना पाहिले आहे, आणि त्यात कुणाचा वाईट हेतूही नव्हता. शेडचा खर्च विचारायचा असेल तर तो सर्वसाधारण सभेत विचारावा. गळतीच्या पत्रात तो आला की चर्चा शेडवर जाते आणि कमिटी बचावाला उभी राहते.

'भ' ची वाक्ये खोडताना मावशीला वाईट वाटले. नातवाचे वाक्य तिला ठेवायचेच होते आणि ते आम्ही ठेवलेही, पण घटना म्हणून: त्या खोलीत रोज कोण झोपते एवढेच. "काही झाले असते तर" हे वाचणाऱ्याला न सांगताही कळते.

विषय आणि संदर्भ

विषयाच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: कुठे, काय आणि तुम्हाला काय हवे. "तक्रारीबाबत" किंवा "गळतीबाबत" असे लिहिले तर फाईलमध्ये तसे दहा कागद असतात. मावशीचा विषय असा झाला: "सदनिका क्र. 702 च्या बेडरूममध्ये गच्चीतून होणारी गळती व पडलेले प्लास्टर – तातडीची उपाययोजना व दुरुस्ती करण्याबाबत."

त्याखालची संदर्भाची ओळ बहुतेक लोक गाळतात किंवा तिथे "आपली आमची चर्चा" असे काहीतरी लिहितात. माझ्या मते पत्रातली सर्वात जास्त काम करणारी ओळ हीच. कमिट्या बदलतात, सेक्रेटरी बदलतो, जुन्या सेक्रेटरीच्या घरातल्या फाईली नव्याकडे येता येता चार महिने जातात. नव्या माणसाला तुमची तक्रार पहिल्यांदाच आली असे वाटू नये, मागचा कागद त्याला हाताने काढून बघता यावा, यासाठी संदर्भ असतो.

म्हणून संदर्भात फक्त कागद येतात: तुमचे आधीचे पत्र, सोसायटीने दिलेले उत्तर, सभेचा ठराव, ईमेल, उपविधी म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे लेखी नियम. फोन, जिन्यात झालेले बोलणे, ग्रुपवरची चर्चा यांची जागा पुढे घटनाक्रमात आहे. प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा आणि त्याची तारीख लिहावी. सोसायटीने तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक टाकला असेल तर तोही लिहावा. मग पुढे पत्रात "संदर्भ क्र. 1 च्या पत्राने कळवले होते" एवढे पुरते.

मावशीच्या जुलैच्या पत्राची पोच तिच्याकडे होती, बिलांच्या पिशवीत. शिक्का थोडा फिकट होता, पण आवक क्रमांक 41 आणि 5 जुलै 2024 ही तारीख वाचता येत होती. तिच्या मूळ मसुद्यात याबद्दल "जुलैमध्ये पत्र दिले होते" एवढेच होते. तिच्या हातातला सगळ्यात पक्का पुरावा तिने एका अर्ध्या वाक्यात घातला होता.

दुसरा संदर्भ उपविधींचा. सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत प्रत्येक सभासदाला पाहता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे तो सभासदाचा हक्क आहे. बहुतेक सोसायट्यांनी शासनाच्या आदर्श उपविधी स्वीकारलेल्या असतात. 2014 च्या आदर्श उपविधींत तक्रारींचा भाग क्रमांक 172 ते 174 मध्ये आहे. तक्रार लेखी द्यायची, कमिटीने ती लगेचच्या पुढच्या बैठकीत घेऊन निर्णय करायचा आणि तो निर्णय त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचा, असे त्यात आहे. कोणती तक्रार कोणाकडे न्यायची हे 174 मध्ये दिले आहे. गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत येते. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने शेवटच्या मजल्यावरच्या घराचे छत आणि प्लास्टर खराब झाले तर तेही त्याच यादीत आहे. मात्र क्रमांक लिहिण्याआधी आपल्या सोसायटीची प्रत उघडून पाहावी. जुन्या उपविधी असलेल्या सोसायट्यांत क्रमांक पुढेमागे होतात. चुकीचा क्रमांक लिहिला की कमिटीला उत्तरात तेवढेच दाखवून मोकळे होता येते.

पहिलेच पत्र असेल आणि मागचा कागदच नसेल, तर संदर्भात फक्त उपविधी लिहावी. ओळ भरायची म्हणून काही जोडू नये.

तारखांचा क्रम

या भागाला आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ दीड तास. त्यातला बराच वेळ तारखा शोधण्यात गेला.

मावशीला एवढेच आठवत होते की गेल्या पावसाळ्यात ओल आली होती. तिच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप उघडून सेक्रेटरींच्या चॅटमध्ये "गळ" हा शब्द शोधला, तर 12 जुलै 2023 चा तिचा निरोप सापडला, फोटोसकट. प्लंबर कधी आला याची तारीख तिला माहीत नव्हती. ती गेटवरच्या रजिस्टरमध्ये मिळाली: 20 जुलै 2023, सकाळी 11.10, "702, गच्ची पाहणी". वॉचमनने पान दाखवले आणि मॅनेजरला विचारून तिने त्याचा फोटो काढला. चेअरमनना केलेला फोन तिच्या मुलाच्या फोनवरून केला होता. त्याने त्याच दिवशी तिला "काका म्हणाले पाऊस संपल्यावर" असा मेसेज टाकला होता, त्यावरून 22 जुलै 2024 ही तारीख लागली.

फोटोंची तारीख मूळ फोनमधल्या फोटोवरूनच बघावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत कधी काढला याची आतली नोंद राहत नाही. मिळालेल्या प्रतीवर दिसते ती तो पाठवल्याची तारीख, आणि दोन्हींत आठवड्याचा फरक असू शकतो. मूळ फोटो खोडू नये. पडलेल्या प्लास्टरचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. मावशीने पहिला फोटो नुसताच काढला होता. तिच्या पत्रात "मोठा तुकडा" होता आणि फोटोवरून तो वीतभर आहे की हातभर हे कळत नव्हते. पट्टी लावून पुन्हा काढला तेव्हा खड्डा दोन फूट बाय दीड फूट निघाला आणि आतली गंजलेली सळई स्पष्ट दिसली.

एखादी तारीख सापडलीच नाही तर अंदाजाने टाकू नये. "जून 2024 चा शेवटचा आठवडा" असे लिहावे. एक तारीख चुकीची निघाली की बाकीच्या पाच खऱ्या तारखांवरही शंका घेतली जाते.

लिहिताना एका ओळीत एकच घटना ठेवावी. कोणी काय केले, कोणी काय म्हटले, त्याचा कागद किंवा फोटो काय आहे, बस. इथे एक सवय मुद्दाम मोडावी लागते. "दुर्लक्ष केले" हे वाक्य आपल्याला वस्तुस्थिती वाटते, पण तो आपला निष्कर्ष आहे. कमिटी म्हणू शकते, आम्ही दुर्लक्ष केले नाही, ठेकेदार मिळत नव्हता. "20 ऑगस्ट 2024 पर्यंत लेखी उत्तर मिळालेले नाही" यावर मात्र काही म्हणता येत नाही. उत्तर न मिळणे हीसुद्धा एक घटना आहे, तिला स्वतःची ओळ द्यावी.

तसेच पाहिलेले आणि वाटणारे वेगळे ठेवावे. टाकीच्या पायथ्याशी फरशांचे सांधे उघडे आहेत हे मावशीने पाहिले होते. पाणी तिथूनच येते हा तिचा अंदाज होता. तो बरोबरही असेल, पण पाणी एका जागी मुरते आणि स्लॅबमधून वाट काढत दुसरीकडे टपकते, असे बरेचदा होते. म्हणून पत्रात सांधे उघडे असल्याची ओळ ठेवली आणि कारण शोधण्याचे काम मागणीत टाकले.

मागणी

मागणीच्या प्रत्येक वाक्याची मी एक परीक्षा घेते: हे वाक्य जसेच्या तसे कमिटीच्या इतिवृत्तात ठराव म्हणून लिहिता येईल का? "योग्य ती कार्यवाही करावी" हा ठराव होऊ शकत नाही. "सदनिका 702 वरील गच्चीच्या भागावर 27 ऑगस्टपर्यंत ताडपत्री टाकून घ्यावी" हा होतो. सेक्रेटरी बहुधा नोकरी सांभाळून रात्री नऊ वाजता बैठकीला बसलेला असतो. त्याला वाक्य तयार मिळाले तर तो तेच वापरतो. मीही वापरायचे.

दुसरी गोष्ट, मागणी त्या दिवशी करता येण्यासारखी हवी. चेअरमन म्हणाले होते, पावसाळा संपल्यावर बघू. मावशीला त्याचा फार राग आला होता, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. गच्चीचे जलरोधक काम कोरड्या पृष्ठभागावर करावे लागते, भर पावसात केलेला थर नीट धरत नाही. ऑगस्टमध्ये "वॉटरप्रूफिंग तात्काळ करा" असे लिहिले असते तर नकार रास्त ठरला असता. म्हणून आम्ही मागणीचे दोन भाग केले. पावसातही करता येते ते आत्ता: सैल झालेले प्लास्टर ठोकून काढणे आणि गच्चीवर ताडपत्री. पाऊस थांबल्यावर करायचे ते नंतर, पण सुरू करण्याची तारीख आत्ताच ठरवून. "पावसाळ्यानंतर" ही तारीख नव्हे. दुरुस्तीनंतर गच्चीच्या त्या भागात पाणी साठवून निदान एक दिवस खाली ओल येते का हे पाहण्याची चाचणीही त्यातच मागितली. ती न करता बिल चुकते झाले की पुढच्या जूनपर्यंत काही कळत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. एका मर्यादेपलीकडचा खर्च कमिटी स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी निघते. म्हणजे ऑगस्टच्या पत्रात "हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा" हे लिहिणे अगदी वेळेवर होते. हेच ऑक्टोबरमध्ये लिहिले असते तर विशेष सभेची वाट पाहावी लागली असती.

आणि मेंटेनन्स बंद करण्याची धमकी काढून टाकली. मेंटेनन्स थांबवला की थकबाकीवर व्याज चढते, तुम्ही थकबाकीदार ठरता आणि गळतीची चर्चा वसुलीच्या चर्चेत बुडते. बिल भरत राहावे आणि पत्र लिहीत राहावे.

पुन्हा मांडलेले पत्र

> दिनांक: 20 ऑगस्ट 2024
>
> प्रति,
> मा. सचिव,
> (संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक)
>
> विषय: सदनिका क्र. 702 च्या बेडरूममध्ये गच्चीतून होणारी गळती व पडलेले प्लास्टर – तातडीची उपाययोजना व दुरुस्ती करण्याबाबत.
>
> संदर्भ:
> 1) माझे दि. 5 जुलै 2024 चे पत्र, आवक क्र. 41
> 2) संस्थेच्या उपविधी क्र. 172 व 173
>
> महोदय,
>
> मी सदनिका क्र. 702 ची सभासद आहे. सदनिका शेवटच्या मजल्यावर असून बेडरूमच्या थेट वर सामाईक गच्ची आहे. घडलेल्या गोष्टी तारखेनुसार खालीलप्रमाणे:
>
> 12 जुलै 2023 – बेडरूमच्या छताला ओल. सचिवांना फोटोसह निरोप पाठवला. (जोड 1)
>
> 20 जुलै 2023 – संस्थेच्या प्लंबरने गच्चीची पाहणी केली. (गेट रजिस्टरची नोंद, जोड 2) पाहणीचा निष्कर्ष मला कळवण्यात आला नाही.
>
> जून 2024 चा शेवटचा आठवडा – त्याच जागी पुन्हा गळती. मॅनेजरना तोंडी सांगितले.
>
> 5 जुलै 2024 – संदर्भ क्र. 1 चे पत्र दिले. (जोड 3)
>
> 22 जुलै 2024 – मा. अध्यक्षांशी फोनवर बोलणे. पावसाळा संपल्यावर पाहू, असे त्यांनी सांगितले.
>
> 16 ऑगस्ट 2024, रात्री सुमारे 11.30 – छताचे प्लास्टर पलंगावर पडले. खड्डा अंदाजे 2 फूट × 1.5 फूट, आतील सळई गंजलेली दिसते. या खोलीत माझा पाच वर्षांचा नातू झोपतो. ती रात्र वगळता तो तिथेच असतो. (जोड 4, फोटो)
>
> 18 ऑगस्ट 2024 – गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी फरशांचे सांधे उघडे असल्याचे पाहिले. (जोड 5, फोटो)
>
> 20 ऑगस्ट 2024 – संदर्भ क्र. 1 च्या पत्राला आजपर्यंत, म्हणजे 46 दिवसांत, लेखी उत्तर मिळालेले नाही.
>
> विनंती:
>
> 1) बेडरूमच्या छताचे सैल प्लास्टर काढून घ्यावे व वरील गच्चीच्या भागावर ताडपत्री टाकावी: 27 ऑगस्ट 2024 पर्यंत.
>
> 2) गळतीचे कारण व सळईची स्थिती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून अहवालाची प्रत मला द्यावी: 10 सप्टेंबर 2024 पर्यंत.
>
> 3) गच्चीची दुरुस्ती व बेडरूमच्या छताचे प्लास्टर संस्थेच्या खर्चाने करावे, काम 15 नोव्हेंबर 2024 पूर्वी सुरू करावे व दुरुस्तीनंतर गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्यावी. खर्चास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत असल्यास विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.
>
> 4) हे पत्र कमिटीच्या पुढील बैठकीत ठेवून निर्णय उपविधी क्र. 173 प्रमाणे त्यानंतर 15 दिवसांत लेखी कळवावा.
>
> पाहणीसाठी मी रोज सकाळी 10 ते 1 घरी असते.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, सदनिका क्र., फोन)
>
> सोबत: जोड 1 ते 5

पाहणीच्या वेळेची ती शेवटची ओळ आवर्जून घालावी. "आम्ही आलो होतो, घर बंद होते" हे उत्तर कमिट्यांकडून फार वेळा येते.

सही भागप्रमाणपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, ज्याचे नाव आहे त्याने करावी. मुलाने किंवा सुनेने लिहून दिले तरी चालते, सही सभासदाचीच. भाडेकरू असाल तर फोटो आणि तारखा तुम्ही जमवा, पत्र मालकाच्या सहीने जाऊ द्या.

पत्र देताना

दोन प्रती न्याव्यात. एक तिथे राहते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, घेणाऱ्याची सही, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती परत आणावी. नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नये, तारीख नसेल तर पत्रानंतरची पुढची बैठक कोणती हा प्रश्न पडतो. वॉचमनच्या हातात देऊन येणे म्हणजे पत्र दिले नाही असे समजावे. पोच द्यायला कुणी नाही म्हटले तर भांडत बसू नये. तेच पत्र स्पीड पोस्टाने संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे आणि पोहोचल्याची नोंद ट्रॅकिंगवरून काढून पावतीसोबत ठेवावी. पूर्वी आपण यासाठी रजिस्टर पोस्ट करायचो, 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. शिवाय संस्थेच्या ईमेलवर पत्राची प्रत पाठवावी. ग्रुपवर टाकू नये. तिथे पन्नास माणसे बोलू लागतात आणि उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

पहिल्याच पत्राची प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना पाठवावी का, असे बरेच जण विचारतात. मी पाठवत नाही. कमिटीला आधी उत्तर द्यायची संधी मिळाली होती, हे नंतर वर जाताना तुमच्याच बाजूने दिसते. जीविताला धोका असेल आणि कमिटी हलतच नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा महानगरपालिकेला लगेच कळवावे.

पुढचे पत्र

मावशीच्या छताचे सैल प्लास्टर 24 ऑगस्टला काढले गेले आणि त्याच दिवशी गच्चीवर निळी ताडपत्री आली. इंजिनिअर मात्र 10 सप्टेंबरपर्यंत आला नाही. 12 तारखेला तिने स्मरणपत्र लिहिले, तेही एकटीने, वीस मिनिटांत. जुना मजकूर तसाच ठेवून तिने तीनच जागी हात लावला. संदर्भात एक ओळ वाढवली: "3) माझे दि. 20 ऑगस्ट 2024 चे पत्र, आवक क्र. 58". घटनाक्रमात दोन ओळी वाढवल्या: "24 ऑगस्ट 2024 – सैल प्लास्टर काढले, ताडपत्री टाकली. त्याबद्दल आभार." आणि "10 सप्टेंबर 2024 – इंजिनिअरची पाहणी झालेली नाही." विनंतीतला पहिला मुद्दा पूर्ण झाला म्हणून काढला आणि दुसऱ्याला 20 सप्टेंबर ही नवी तारीख दिली.

आभाराची ओळ तिची तिने घातली होती. पाहणी 17 सप्टेंबरला झाली आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला गच्चीच्या दुरुस्तीचा विषय आला. त्याचे शब्द तिच्या विनंतीतल्या तिसऱ्या मुद्द्याचेच होते.